शनिवारचं पुस्तक सोमवारी आणलं, तर दंड एकाच दिवसाचा

«लायब्ररीचा दंड काढायची सोपी ट्रिक! परत करायच्या तारखेपासून आणलेल्या तारखेपर्यंत सगळे दिवस मोजा. ७ ने भागा, पूर्ण आकडा येईल तेवढे रविवार वजा करा, झालं. शेवटची तारीख रविवारी आली तर सोमवारी आणलेलं पुस्तक लेटच. गणपतीत लायब्ररी बंद असली तरी ते दिवस धरायचे. कॉम्प्युटरवर करायचं तर एक्सेलमध्ये NETWORKDAYS टाका, सेम उत्तर येतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

हा निरोप फिरत फिरत माझ्या आत्यापर्यंत पोचला. राजापूर तालुक्यातल्या एका लहान वाचनालयात ती देवघेव सांभाळते, आणि गणपतीनंतर उशिरा आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा समोर असताना तिने हाच हिशोब वापरायला घेतला. शाळकरी पोरांकडून जास्तीचे पैसे गेले. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक पहिल्याच पायरीत आहे. शिक्क्यावर शनिवारची तारीख आहे आणि मुलगा पुस्तक सोमवारी घेऊन आला. दंड रोजचा १ रुपया धरू. या ट्रिकने शनिवार, रविवार, सोमवार असे ३ दिवस झाले. ३ ला ७ ने भागलं की पूर्ण आकडा शून्य, म्हणजे वजा करायला रविवारच नाही. दंड ३ रुपये! आता सरळ बघा. शनिवारी वाचनालय बंद होईपर्यंत पुस्तक वेळेतच होतं, त्यामुळे शनिवार उशिराचा दिवस होऊच शकत नाही. रविवार नियमानेच वगळलाय. उरला सोमवार. दंड १ रुपया. एका दिवसाच्या उशिराला तिप्पट पैसे घेणारी ही रीत «सोपी» म्हणून पाठवताना कुणी एकदा तरी कॅलेंडर उघडलं होतं का?

परत करायची तारीख मोजायची नाही, ही काही माझी मर्जी नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ हा केंद्राचा कायदा आहे. अमुक दिवसा«पासून» मुदत मोजायची असेल तर तो पहिला दिवस सोडायचा, हे त्याच्या कलम ९ मध्ये आहे. हा कायदा संसदेच्या कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी आहे, गावच्या वाचनालयाची नियमावली थेट त्याच्या कक्षेत येत नाही, हे खरं. पण मुदत मोजायची शंभराहून अधिक वर्षं रुळलेली रीत हीच आहे, आणि नियमावलीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ती सोडायला कारण नाही.

आता तो ७ ने भागण्याचा प्रकार. त्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो: उशिराचे दिवस बरोबर ७, १४ किंवा २१ असतील तर रविवार अनुक्रमे १, २ किंवा ३ च असतात, मोजणी कुठल्याही वारापासून सुरू करा. गोंधळ होतो तो वर उरलेल्या दिवसांत. त्यांच्यात एक रविवार असेल किंवा नसेल, आणि ते भागाकार सांगत नाही, वार सांगतो.

२०२५ च्या गणपतीतलंच उदाहरण घेऊ. चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. एका सभासदाने शुक्रवार, २२ ऑगस्टला द्यायचं पुस्तक सोमवार, ८ सप्टेंबरला आणलं. उशिराचा पहिला दिवस शनिवार, २३ ऑगस्ट. तिथपासून ८ सप्टेंबरपर्यंत १७ दिवस होतात. त्यांत २४, ३१ आणि ७ असे ३ रविवार. दंड १४ रुपये. दुसऱ्याची तारीख सोमवार, २५ ऑगस्ट होती, त्याने गुरुवार, ११ सप्टेंबरला आणलं. याचेही दिवस १७ च, पण रविवार फक्त ३१ आणि ७. दंड १५ रुपये. दिवस तेवढेच आणि दंड वेगळा, तरी दोन्ही बरोबर. नुसत्या १७ या आकड्यावरून रविवार काढणारं कुठलंही सूत्र यातल्या एकाला चुकीचा दंड सांगणारच.

कॅलेंडर हाताशी नसेल तर असं करा. १७ म्हणजे २ पूर्ण आठवडे आणि ३ दिवस. प्रत्येक पूर्ण आठवड्याचे ६ प्रमाणे १२ झाले. उरलेले ३ दिवस उशिराच्या पहिल्या दिवसाच्या वारापासून बोटांवर म्हणा. पहिल्याचे शनिवार, रविवार, सोमवार: एक रविवार गाळला, राहिले २, एकूण १४. दुसऱ्याचे मंगळवार, बुधवार, गुरुवार: तिन्ही धरले, एकूण १५. वहीत वार लिहिलेला असला की एवढंच लागतं. आत्याच्या वहीत आता तारखेशेजारी वाराचा रकाना आहे.

रविवारी मुदत संपण्याबद्दल. मुदत ७ किंवा १४ दिवसांची असेल तर हा प्रश्न येतच नाही, कारण ज्या वारी पुस्तक दिलं त्याच वारी ते परत यायचं असतं, आणि रविवारी वाचनालय उघडतच नाही. मुदत १५ दिवसांची असली की शनिवारी दिलेल्या पुस्तकाची तारीख रविवारी येते. त्याच कायद्याचं कलम १० म्हणतं की शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम वेळेतच धरायचं. बंद दाराशी पुस्तक ठेवून जा असं कोण सांगेल? सोमवारी आणलेल्याला दंड नाही. मात्र कोणी मंगळवारी आणलं तर एक दिवस धरायचा की दोन, हे ते कलम सांगत नाही, आणि काउंटरवर भांडण तिथेच होतं. त्यावर उपाय आधीच करायचा: शनिवारी पुस्तक देताना शिक्का सोमवारच्या तारखेचा मारायचा. मग मंगळवारी एकच दिवस होतो.

गणपतीतल्या सुट्ट्यांबद्दल निरोपात लिहिलंय ते काही ठिकाणी खरं आहे. नियमात «रविवार वगळून» एवढंच असेल तर चतुर्थीचा बुधवार धरला जातो, बंद असला तरी. नियम «सुट्टीचे दिवस वगळून» असा असेल तर तोही गाळायचा. फक्त एक सांभाळा: सुट्टी रविवारीच आली, जशी २०२५ ची २६ जानेवारी, तर ती एकदाच वजा होते. रविवार म्हणून एकदा आणि सुट्टी म्हणून परत एकदा, असं नाही.

आणि एक्सेल. NETWORKDAYS शनिवारही गाळतं आणि दोन्ही टोकांचे दिवस धरतं. वरच्या १४ रुपयांच्या पुस्तकाला २२ ऑगस्ट आणि ८ सप्टेंबर या तारखा देऊन ते १२ सांगतं, तर निरोपातला भागाकार त्याच तारखांना १६ सांगतो. «सेम उत्तर» ते हेच! फक्त रविवार गाळायला NETWORKDAYS.INTL वापरून त्याला ११ हा आकडा द्यावा लागतो. A2 मध्ये परत करायची तारीख, B2 मध्ये आणल्याची:

```
=MAX(0,NETWORKDAYS.INTL(A2+1,B2,11))
```

A2+1 मुळे मोजणी दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, आणि पुस्तक वेळेत आलं असेल तर MAX मुळे उणे आकड्याऐवजी शून्य दिसतं. येईल त्या आकड्याला रोजच्या दराने गुणायचं. सुट्ट्याही वगळायच्या असतील तर त्यांच्या तारखा एका रकान्यात लिहून तो रकाना ११ नंतर, स्वल्पविराम देऊन घालायचा. रविवारी आलेली सुट्टी हे सूत्र दोनदा कापत नाही. शिक्का सोमवारचा मारला असेल तर A2 मध्येही सोमवारचीच तारीख हवी. रविवारची राहिली, तर सोमवारी आलेल्या पुस्तकावर ते १ दिवस दाखवेल.