तेलाच्या रीलचं ब्रीफ: मुद्दे तीनच का, आणि 'जाहिरात' कुठे लिहायचं

वाचकाची प्रतिक्रिया: "ब्रीफचा नमुना वाचला. पैसे आम्ही मोजायचे आणि सांगायलाच हवेत असे मुद्दे फक्त तीन? आमच्या लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचे आठ आहेत. स्क्रिप्ट आम्हीच लिहून दिली तर चूक व्हायचा प्रश्नच नाही. शिवाय व्हिडिओवर ठळक 'जाहिरात' लिहिलं की लोक पुढे सरकतात. कॅप्शनच्या शेवटी #collab टाकलं की पुरे, सगळे तेच करतात."

उत्तर:

नमस्कार. आम्ही दिलेल्या ब्रीफच्या नमुन्यात, म्हणजे रील करणाऱ्या क्रिएटरला द्यायच्या लेखी सूचनांत, सांगायलाच हवेत असे मुद्दे तीनच ठेवले होते. उदाहरण तुमच्याच तेलाचं घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

आधी वेळेचा हिशेब करा. रील ४० सेकंदांची आहे. निवांत मराठी बोलण्यात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे सगळे मिळून ८० शब्द. त्यातून सुरुवातीचं वाक्य, जाहिरात असल्याचा उल्लेख आणि नुसती कढई दिसते ती शांतता वजा केली, की तेलाविषयी बोलायला ४५-५० शब्द उरतात. एक मुद्दा ऐकणाऱ्याला कळेल असा सांगायला १५ शब्द लागतातच. त्यात आठ मुद्दे कोंबले तर बोलणारा यादी वाचू लागतो, आणि यादी ऐकायला कोणी थांबत नाही.

आता आठातले कोणते ठेवायचे ते पाहू. तेलाच्या बाबतीत बहुतेक यादीत 'कोलेस्टेरॉल नाही', 'हृदयासाठी उत्तम', '१००% शुद्ध' आणि 'सेंद्रिय' हे चार असतात. कोलेस्टेरॉल कोणत्याच वनस्पती तेलात नाव घेण्याइतकं नसतं, त्यामुळे ते आपल्याच तेलाचं वैशिष्ट्य म्हणून सांगणं दिशाभूल ठरतं. खाद्यतेलाच्या पाकिटावर कोलेस्टेरॉलशी लढणारं, हृदयाला हितकर अशा अर्थाचे शब्द छापायला अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे. जे पाकिटावर छापता येत नाही ते क्रिएटरच्या तोंडी घालून सुटका होत नाही. '१००%' वापरू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने २०२५ मध्ये अन्न व्यवसायांना सांगितलं आहे. 'सेंद्रिय' म्हणायचं असेल तर प्रमाणपत्र हातात हवं. पहिले तीन शब्द, आणि प्रमाणपत्र नसेल तर चौथाही, ब्रीफमध्ये 'हे बोलू नये' या मथळ्याखाली, कारणासह लिहा. कारण दिलं नाही तर क्रिएटर उत्साहाच्या भरात नेमकं तेच बोलून जातो.

उरलेल्यांतून तीन निवडा. तुमच्यासाठी ते असे असू शकतील: तेल लाकडी घाण्यावर काढलेलं आहे, एक लिटर आणि पाच लिटरमध्ये मिळतं आणि मागवायची जागा अमुक, बाटलीच्या तळाशी थोडा गाळ बसू शकतो, ते तेल बिघडल्याचं लक्षण नाही. तिसरा मुद्दा तुम्हाला विक्रीच्या आड येणारा वाटेल, पण तो सोडू नका. रिफाइंड तेलाची सवय असलेलं गिऱ्हाईक गाळ पाहून बाटली परत करतं. तो आधीच कानावर पडला तर परतावे आणि रीलखालच्या तक्रारी, दोन्ही कमी होतात. प्रत्येक मुद्द्यापुढे पुरावा जोडा: घाण्याचा फोटो, पाकिटाची छापील प्रत, परवाना क्रमांक. केलेल्या दाव्याची शहानिशा करण्याची जबाबदारी क्रिएटरवरही येते. कागद तुम्ही दिले नाहीत तर तो ती करणार कशी?

स्क्रिप्टबद्दल. मुद्द्याचा अर्थ तुमचा, वाक्य त्याचं. तयार स्क्रिप्टमध्ये हमखास शिरणारं वाक्य म्हणजे "मी गेले सहा महिने हेच तेल वापरतेय." तेल मागच्या मंगळवारी पोचलं असेल तर ते सरळ खोटं आहे. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारस ही करणाऱ्याचं खरं मत आणि पुरेशी माहिती यांवर टिकलेली हवी. म्हणून ब्रीफमध्ये तारीख घाला: शूटिंगच्या किमान १० दिवस आधी दोन लिटर तेल पोचेल, ते घरच्या रोजच्या स्वयंपाकात वापरावं, जे जाणवेल ते सांगावं. पदार्थ कोणता, बोली कोणती, सुरुवात कशी, हे सगळं त्याच्यावर सोडा. पक्कं इतकंच करा: बाटलीचं लेबल दोन सेकंद वाचता यावं, दुसरा तेलाचा ब्रँड चौकटीत नसावा, रिफाइंड तेलाला नावं ठेवू नयेत.

चुकीची तुमची भीती मात्र रास्त आहे, आणि नमुन्यात तिथे खरंच एक पायरी कमी होती. ती अशी घाला: शूटिंगआधी क्रिएटर बोलण्याचा कच्चा मजकूर पाठवेल, तुम्ही दोन दिवसांत फक्त तथ्यं तपासाल. चूक कागदावर सापडली तर एक ओळ बदलते. एडिट झाल्यावर सापडली तर परत कढई चढवावी लागते. तयार व्हिडिओवर तथ्याच्या दुरुस्त्या कितीही वेळा, आवडीनिवडीचे बदल मात्र एकदाच, असं स्पष्ट लिहा. हा फरक न केल्याने बहुतेक भांडणं होतात.

आता #collab. 'कोलॅबोरेशन' हा पूर्ण शब्द मान्य लेबलांत आहे, हा तुकडा नाही. शिवाय हॅशटॅगच्या गर्दीत लपलेला उल्लेख धरला जात नाही. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या २०२१ च्या नियमांत, १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर लेबल किमान तीन सेकंद, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओवर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ दिसायला हवं. तुमच्या ४० सेकंदांत हे तेरा सेकंदांहून थोडे जास्त होतात. ब्रीफमध्ये १४ लिहा, पहिल्या फ्रेमपासून सलग. ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या सूचना तर उल्लेख दिसावा आणि ऐकूही यावा असं सांगतात, आणि शिफारशीच्याच भाषेत. म्हणजे पडद्यावर मराठीत 'जाहिरात' आणि तोंडी "ही सशुल्क जाहिरात आहे" असं एक वाक्य. इन्स्टाग्रामचं पेड पार्टनरशिप लेबल याशिवाय लावायचं, याच्या बदल्यात नाही. पैसे न देता नुसतं तेल दिलं तरी हे लागू आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. 'सगळे करतात' हे उत्तर तिथे चालत नाही.

लेबल कुठे, हेही लिहा. १०८० बाय १९२० च्या चौकटीत वरचे साधारण २७० आणि खालचे ६७० पिक्सेल मोकळे ठेवा. तिथे ॲपची बटणं आणि कॅप्शन येतात आणि 'जाहिरात' हा शब्द त्यांच्याखाली झाकला जातो. एडिटच्या खिडकीत सगळं ठीक दिसतं, म्हणून ड्राफ्ट मोबाईलवर, ॲपच्या आतच उघडून तपासा.

लोक पुढे सरकतात ते बहुधा पहिल्या तीन सेकंदांत काहीच घडत नाही म्हणून. कढईत भजी सोडतानाचा आवाज आणि कोपऱ्यात 'जाहिरात' एकाच वेळी चालू शकतात.

काय मिळणार ते थोडक्यात असं लिहा: ३५ ते ४० सेकंदांची एक रील, लिंकसह दोन स्टोरी, आणि अक्षरं व संगीत नसलेली मूळ फाइल. ही फाइल विसरू नका. ॲपमधलं चालू गाणं लावलेली रील नंतर पैसे लावून जाहिरात म्हणून चालवायला गेलात की गाण्याचे व्यावसायिक हक्क नसल्याने अडते. रील किती दिवस प्रोफाइलवर राहील (९० ठेवा), जाहिरातीत किती दिवस वापराल (६० पुरेत, त्यापुढे वेगळे पैसे), आणि सातव्या व तिसाव्या दिवशी इनसाइट्सचे, म्हणजे रील किती जणांनी पाहिली त्या आकडेवारीचे स्क्रीनशॉट, हे आकड्यांत लिहा. अर्धे पैसे मजकूर मंजूर झाल्यावर, अर्धे रील लागल्यापासून सात दिवसांत.

तुमचे आठ मुद्दे इथेच खाली टाकलेत तर त्यातले कोणते तीन राहतील आणि कोणत्याला कागद लागेल, ते ओळीओळीने पाहता येईल.