सर्दीनंतर कान दुखला की लगेच अँटिबायोटिक? या फॉरवर्डबद्दल

"सर्दीनंतर मुलाचा कान दुखतोय म्हणजे इन्फेक्शन. मेडिकलमधून अँटिबायोटिक लगेच सुरू करा, नाहीतर पडदा फुटून मूल बहिरं होतं. तोवर कोमट लसणाचं तेल कानात सोडा."

आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत हा मेसेज दरवर्षी फिरतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे सर्दीत नाकामागून कानाकडे जाणारी नळी सुजते, आत दाब तयार होतो आणि तेवढ्यानंही कान ठणकतो. घसा किंवा दाढ दुखली तरी कळ कानात येते. इन्फेक्शन आहे का हे डॉक्टर दुर्बिणीने पडदा बघूनच सांगू शकतात, आणि नुसता लाल पडदा पुरेसा नाही, लेकरू रडलं किंवा ताप असला तरी तो लाल होतो. पडदा बाहेर फुगलेला आहे का, ते बघायचं असतं.

आणि फुगला तरी प्रत्येकाला अँटिबायोटिक लागतंच असं नाही. माझी मुलगी साडेचार वर्षांची, वजन 17 किलो, रात्री दोनला एक कान धरून रडत उठली, ताप 100.5. पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे साधारण 250, आमच्या बाटलीवर 5 मिलीत 250 लिहिलेलं होतं म्हणून 5 मिली दिलं (125 ची बाटली पण मिळते, लेबल वाचाच), पाऊण तासात झोपली. सकाळी डॉक्टरांनी बघितलं, एकाच कानाचा पडदा थोडा फुगलेला. त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं पण म्हणाले, "आत्ता घेऊ नका, 48 तास दुखणं थांबवायचं औषध द्या, कमी झालं नाही किंवा वाढलं तर सुरू करा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुखणं गेलं, चिठ्ठी तशीच राहिली.

पण ही थांबायची मुभा सगळ्यांना नाही हो! सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दोन वर्षांच्या आतलं आणि दोन्ही कानांत इन्फेक्शन, ताप 102.2 किंवा जास्त, खूप ठणका किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त दुखणं, कानातून पू, यात अँटिबायोटिक लगेच लागतं. ते सुद्धा डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांचं, मेडिकलवाल्याच्या अंदाजाने नाही.

पडदा फुटायची भीती मला कळते, पण बहुतेक वेळा बारीक भोक पडतं, पू बाहेर येतो, दुखणं उलट कमी होतं आणि काही आठवड्यांत पडदा आपोआप भरतो, तरी दाखवायला जायचंच. ऐकू कमी येतं ते बहुतेक आत साचलेल्या पाण्यामुळे, ते ओसरायला कधीकधी तीन महिने लागतात, त्यानंतरही टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर तपासून घ्या.

तेल मात्र अजिबात नको. दुखणं पडद्याच्या मागे आहे, तेल पुढेच राहतं, आणि पडद्याला भोक असेल तर थेट आत जातं.

कानामागे सूज, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं, मान ताठ, लेकरू सुस्त, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.