अनुदानवार तक्ता टाळता येत नाही: एका फिरत्या संदेशाला उत्तर

“प्रत्येक देणगीदाराचा वेगळा तक्ता करत बसू नका. एकूण जमा आणि एकूण खर्च जुळला की हिशेब बरोबर. एखाद्या प्रकल्पात पैसे उरले तर ती संस्थेची बचत. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर कारण लिहायची गरज नाही, आणि जास्त असेल तर ‘कामाला उशीर झाला’ एवढे पुरते.”

हा संदेश माझ्या भाचीपर्यंत पोहोचला. ती एका छोट्या संस्थेत नुकतीच हिशेबाच्या कामाला लागली आहे आणि प्रत्येक अनुदानाचे अंदाजपत्रक आणि खर्च ताडून पाहणारा वर्षअखेरचा तक्ता करायला बसली असताना तिच्याच एका सहकाऱ्याने तो तिला पाठवला. “मग मी हे सगळे कशाला करते आहे?” असे तिने मला विचारले. तिला फोनवर जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहितो, कारण या सल्ल्याने होणारे नुकसान पहिल्या वर्षी दिसत नाही आणि दिसते तेव्हा भरून काढायला हाताशी पैसा नसतो.

सर्वांत घातक विधान एकूण बेरजेचे आहे. तीन अनुदाने असलेली एक संस्था घ्या. शिक्षण प्रकल्पाचे मंजूर अंदाजपत्रक १२ लाख, देणगीदाराकडून आलेली रक्कम १२ लाख आणि खर्च ८ लाख ४० हजार. पाणी प्रकल्पाचे अंदाजपत्रक ८ लाख, पण आतापर्यंत आलेला हप्ता फक्त ४ लाख ८० हजार आणि खर्च मात्र ८ लाख ६० हजार. आरोग्य प्रकल्पाचे अंदाजपत्रक ५ लाख, आलेले ५ लाख, खर्च ४ लाख ८० हजार. आता बेरीज करा. एकूण जमा २१ लाख ८० हजार, एकूण खर्चही २१ लाख ८० हजार. संदेश लिहिणाऱ्याच्या मते हा हिशेब अगदी बरोबर आहे.

प्रत्यक्षात शिक्षणाचे ३ लाख ६० हजार आणि आरोग्याचे २० हजार पाण्याच्या कामात गेले आहेत. ज्या दोन देणगीदारांनी आपापल्या कामासाठी पैसे दिले, त्यांना न विचारता ते तिसऱ्याच्या कामाला लावले गेले. उद्या शिक्षणाच्या देणगीदाराने अखर्चित रक्कम परत मागितली तर बँकेत शून्य आहे. पाण्याच्या देणगीदाराकडून ३ लाख २० हजार येणे आहे आणि ते बहुधा मिळतील. परंतु त्याने मंजूर केलेल्या ८ लाखांवरचे ६० हजार तो देणार नाही. ते संस्थेच्या स्वतःच्या सर्वसाधारण निधीतूनच भरावे लागतील, आणि तो निधी आहे का, हे एकूण बेरीज कधीच सांगत नाही.

येथे आणखी एक घोटाळा होतो, तो भाचीच्या पहिल्या तक्त्यातही होता. तिने अखर्चित रक्कम अंदाजपत्रकातून खर्च वजा करून काढली होती. ती तफावत झाली, शिल्लक नव्हे. शिल्लक काढायची तर मागील वर्षातून पुढे आलेली आरंभीची शिल्लक, त्यात यंदा आलेली रक्कम आणि देणगीदाराने व्याज त्याच कामाला लावायला सांगितले असेल तर व्याज मिळवायचे आणि त्यातून खर्च वजा करायचा. आमच्या उदाहरणात आरंभीची शिल्लक व व्याज काहीच नाही, तरीही पाणी प्रकल्पाची तफावत ६० हजारांची आणि शिल्लक मात्र उणे ३ लाख ८० हजारांची येते. म्हणून तक्त्यात हे दोन स्तंभ वेगळे हवेत. शिल्लक स्तंभात उणे आकडा दिसला की तेवढा पैसा दुसऱ्या कोणाचा तरी वापरला गेला आहे, आणि तो कोणाचा, कोणाच्या मंजुरीने व कधी परत जाणार, हे त्याच ओळीत लिहिले पाहिजे. सर्व शिल्लकींची बेरीज बँकेशी जुळवणे आवश्यक आहेच. पण आमच्या उदाहरणात तीही शून्याला शून्य अशी बिनचूक जुळते, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही.

वेगळा तक्ता ही कोणा हौशी लेखापालाची कल्पना नाही. अमेरिकेच्या संघीय अनुदानांची नियमावली, २ सीएफआर २००, कलम ३०२, अनुदान घेणाऱ्याच्या हिशेब पद्धतीत प्रत्येक अनुदानाचा खर्च त्याच्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहण्याची सोय असलीच पाहिजे, असे सांगते. ‘प्रत्येक’ हा शब्द तेथे आहे. ते अनुदान न घेणाऱ्या संस्थेवर हा नियम बंधनकारक नाही, परंतु आपापला करार उघडून पाहिला तर देणगीदार जवळपास हेच मागतो असे आढळेल.

१० टक्क्यांच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, ते मान्य करतो. अनेक करारांत अशी मर्यादा असते. पण ती बहुतेक वेळा एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात पैसे वळवण्यासाठी पूर्वपरवानगी कधी लागते याची असते. कारण लिहिण्यातून ती सूट देत नाही. शिवाय १० टक्के कशाचे, हे करारातच वाचावे लागते. एकूण अंदाजपत्रकाचे धरले तर १२ लाखांच्या प्रकल्पात ६० हजारांचा प्रवासखर्च १ लाख २० हजारांवर गेला तरी वाढ ५ टक्केच ठरते, आणि शीर्षाचे धरले तर ती १०० टक्के होते. किरकोळ फरकावर परिच्छेद लिहू नये हे खरे, पण किरकोळ म्हणजे किती हे आधी लिहून ठरवलेले असावे.

राहिली ‘बचत’ आणि ‘उशीर’. शिक्षणाचे ३ लाख ६० हजार उलगडून पाहिले तर त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी निघतात. १ लाख ६० हजारांची पुस्तके शाळांत पोहोचली आहेत, बिलही आले आहे, फक्त पैसे द्यायचे बाकी आहेत. हा झालेला खर्च आहे, तो देणे म्हणून नोंदवायला हवा आणि अखर्चितातून काढायला हवा. १ लाख शिक्षक प्रशिक्षणाच्या दुसऱ्या फेरीचे आहेत. ती पुढच्या तिमाहीत होणार असेल तर देणगीदाराकडे मुदतवाढ मागायची. उरलेले १ लाख मानधनाचे: चारपैकी दोन शिक्षक चार महिने उशिरा रुजू झाले, दोन गुणिले चार गुणिले १२,५०० म्हणजे नेमके १ लाख. ते महिने परत येत नाहीत, म्हणून ही रक्कम पुढे ओढण्याला अर्थ नाही. ती परत करायची की दुसऱ्या शीर्षात वापरायची, हे देणगीदारानेच सांगायचे आहे. यातली एकही रक्कम संस्थेची बचत नाही.

‘कामाला उशीर झाला’ या वाक्यातून यातले काहीच कळत नाही. भाचीच्या तक्त्यात मानधनाच्या ओळीसमोर आता असे लिहिले आहे: “दोन पदे पहिले चार महिने रिक्त, प्रत्येकी दरमहा १२,५०० प्रमाणे १,००,००० अखर्चित, पदे पाचव्या महिन्यापासून भरलेली, पुढील वर्षी तफावत अपेक्षित नाही, रकमेच्या विनियोगासाठी देणगीदाराला पत्र पाठवायचे आहे.”