खुलासा: आयपी-अ‍ॅडॅप्टरचं स्केल 1.0 केल्याने चेहरा जपला जात नाही

फिरणारा मेसेज: "आयपी-अ‍ॅडॅप्टरचं स्केल 1.0 ठेवा, ग्रुप फोटोत काहीही बदला, चेहरा शंभर टक्के तोच राहतो."

हे चूक आहे. आयपी-अ‍ॅडॅप्टर हा एआय चित्रनिर्मितीतला जोड, तो संदर्भचित्र पाहून नवं चित्र घडवायला लावतो; स्केल म्हणजे त्या संदर्भाचा जोर. मूळ आयपी-अ‍ॅडॅप्टर संदर्भचित्र 224 पिक्सेलपर्यंत लहान करून क्लिप या चित्र वाचणाऱ्या मॉडेलमधून नेतो आणि त्याचे फक्त 4 टोकन, म्हणजे आकड्यांचे संच बनवतो. त्यांत केस, कपडे, प्रकाश उतरतो. नाकाडोळ्यांची नेमकी ठेवण नाही. म्हणून स्केल वाढवलं की ओळख पक्की होत नाही, उलट संदर्भातली मानेची ठेवण आणि उजेड दृश्यात घुसतो. ओळखीसाठी आर्कफेस या चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलचा 512 आकड्यांचा सदिश वापरणारी फेसआयडी आवृत्ती घ्या. तीळ, व्रण मात्र तीही खात्रीने जपत नाही.

दुसरं कारण जास्त नडतं. व्हीएई हा मॉडेलचा भाग चित्राचं लेटंट नावाच्या आतल्या लहान रूपात रूपांतर करतो आणि प्रत्येक बाजूने 8 पट आक्रसतो. ग्रुप फोटोतला 64 पिक्सेलचा चेहरा म्हणजे लेटंटमध्ये जेमतेम 8×8 चौकटी. पडताळा सोपा आहे: काहीही न बदलता फोटो व्हीएईतून एन्कोड-डिकोड करा. तिथेच चेहरा विस्कटला, तर दोष स्केलचा नाही.

अशा वेळी चेहऱ्याभोवतीचा 128 पिक्सेलचा चौकोन कापा, 1024 पर्यंत मोठा करा, मास्क लावून इनपेंट करा, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा काढून घ्या, आणि लहान करून जागेवर बसवा. आता त्याच चेहऱ्याला 64×64 चौकटी मिळतात. डीनॉइज, म्हणजे किती बदल होऊ द्यायचा ते, 0.4 आणि स्केल 0.7 पासून सुरुवात करा. सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवला तरच फरक कळतो.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा द्या.