पिवळं जाकीट आणि तळमजल्यावरचे कदम

मामींचं पहिलं विमान मुंबई-नागपूर, पहाटेचं. आदल्या रात्री नऊ वाजता त्यांच्या मुलाने आपल्या जुन्या प्रवासात काढलेला सुरक्षा-कार्डाचा फोटो पाठवला, खाली ‘दादा समजावेल’. दादा म्हणजे मी. चार वेळा विमानात बसलो एवढीच माझी पात्रता. फोटो तिरका, वर कुणाचा तरी अंगठा.

आणि नेमके तेव्हाच तळमजल्यावरचे कदम नळाचा पाना परत द्यायला आले. एसटीतून निवृत्त कंडक्टर. पाना दिला, चहा घेतला आणि बसलेच.

पट्ट्यापासून सुरुवात केली. “मामी, हा हात बकलचं झाकण वर उचलतोय. गाडीत बटण दाबतो, इथे दाबायचं नाही. घाईत माणसं बटणच शोधत बसतात.” मामींनी मान डोलावली. कदम म्हणाले, “आमच्याकडे पट्टाच नव्हता. भानगड नाही.”

पुढचं चित्र मास्कचं. वरून खाली लोंबलेला, एक बाई तो ओढतेय. “ओढल्याशिवाय प्राणवायू सुरू होत नाही. आणि ही खालची पिशवी फुगली नाही तरी घाबरायचं नाही, वायू येत असतो.”

“म्हणजे तिकीट फाडलं तरी सीट मिळेलच असं नाही,” कदम म्हणाले. मामी खळखळून हसल्या. माझ्या वाक्यावर नाही.

मग तो बाई-मुलाचा चौकोन आला. आधी आईने मास्क लावलाय, मग मुलाला. मामी भडकल्या. “आधी स्वतःले? लेकराले नंतर? चित्र काढणाऱ्याले माय नव्हती काय?” मी सांगितलं, पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब गेला की माणूस भानावर राहतो तो अर्धा ते एक मिनिट. मुलाच्या मास्कशी झटापट करताना आईच बेशुद्ध पडली तर दोघंही गेली. मास्कमधला वायू साधारण बारा-पंधरा मिनिटं पुरतो, तेवढ्यात पायलट विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो, तिथे नुसत्या हवेवर भागतं. मला वाटलं, छान समजावलं. मामींनी ‘बेशुद्ध’ एवढंच ऐकलं आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण पुढे पाण्यात तरंगवणारं जाकीट होतं.

“नागपूरले समुद्र कुठून आला बाप्पा?”

रास्त प्रश्न. ‘नियम आहे’ म्हणून मोकळं व्हावं, तर मी खरं सांगितलं, की मुंबईहून विमान बऱ्याचदा पश्चिमेला उडतं, म्हणजे आधी समुद्रावरच जातं. मामींनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग मी जाकिटाच्या लाल दोरीवर आलो. ती विमानात ओढायची नाही, दाराबाहेर पडताना ओढायची. का? कारण १९९६ साली अपहरण झालेलं एक इथिओपियन विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. पुष्कळांनी आतच जाकिटं फुगवली. पाणी शिरलं तशी ती माणसं वर, छताला जाऊन टेकली. दार खाली पाण्यात. बुडी मारायची तर जाकीट मारू देईना. १७५ जणांतले १२५ गेले.

खोलीत शांतता. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतंय.

तेव्हा कदम उठले. फोन माझ्या हातातून घेतला. घेतला म्हणजे, मी देत नव्हतो. “वहिनी, हे बघा. ही सँडल, फुली. ही बॅग, फुली. दारातून खाली उतरायच्या रबरी घसरगुंडीवर टाच रुतली तर ती फाटते, म्हणून चप्पल काढायची. देवळात काढतो ना, तशी. आणि सामान तिथंच सोडायचं. वरची बॅग काढायला एक जण उभा राहिला की मागची सगळी रांग अडते. एकोणतीस वर्षं मी हेच ओरडत होतो, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!”

“पर्स पण नाही?”

“पर्स पण नाही.”

“बरं,” मामी म्हणाल्या. इतक्या सहज. मी हे सांगितलं असतं, तर पर्समधल्या कुड्यांचा इतिहास ऐकावा लागला असता.

कदमांनी शेवटी एक काम सांगितलं, आणि मला कबूल करावं लागतं, ते कार्डावर नव्हतं. “बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या सीटा मोजून ठेवा. अंधारात, धुरात हाताला सीटच लागते. रातराणीत दिवे गेले की मी असाच हिंडायचो.” मी चार वेळा विमानात बसलो. एकदाही मोजल्या नाहीत. आणि हो, फोटोतल्या कार्डावर विमानाचा प्रकार छापलेला होता, नेमका अंगठ्याखाली. दारं प्रत्येक विमानात वेगळी उघडतात, म्हणून सीटसमोरच्या खिशातलं कार्डच बघा, हे मी सांगायला गेलो तोवर मामी झोपायला निघाल्या होत्या.

पहाटे तीनला डोंबिवलीहून गाडी मी काढली. पार्किंगचे पैसे मी दिले. सव्वाआठला घरच्या ग्रुपवर मामींचा निरोप:

“सुखरूप पोचली. समुद्र दिसला. पुढे नऊ सीटा, मागे चौदा. कदमभाऊंले सांगजो. दादाचं ऐकून रातभर झोप नाही लागली.”

त्यावर अठरा जणांचे अंगठे. एक माझ्या बायकोचा.