‘रामकुंड हाच नाशिकचा अधिकृत मध्यबिंदू’: तपासून पाहू

सध्या एक मेसेज फिरतोय: “नाशिकचे सरकारमान्य अक्षांश-रेखांश १९.९९७५ उत्तर, ७३.७८९८ पूर्व. हा बिंदू म्हणजे रामकुंड, शहराचा अधिकृत मध्य. कुंडलीसाठी हेच आकडे घ्या, दुसरे घेतले की लग्न चुकतं. सर्वांना पाठवा.”

‘अधिकृत’पासूनच सुरुवात करू. शहराला एकच अक्षांश-रेखांश बहाल करणारा कायदा आपल्याकडे नाही. सर्व्हे ऑफ इंडिया नकाशे काढते, महापालिकेची हद्द सरकार अधिसूचनेने ठरवते. पण हद्द ही रेषा असते, बिंदू नव्हे. अख्ख्या शहरासाठी एक बिंदू लागतो तो यादी बनवणाऱ्याला, मग ती नकाशाच्या ॲपची असो की हवामानाची. तो आपल्या सोयीने एक जागा धरतो. कोणी जुन्या गावाचा मध्य धरतो, कोणी नकाशावर शहराचं नाव छापलंय ती जागा, कोणी हद्दीच्या आकाराचा भूमितीय मध्य. शोधयंत्रात पहिला दिसतो म्हणून आपण त्यातला एक आकडा खरा मानतो, एवढंच.

आता रामकुंड. हे आकडे नकाशात टाकून बघा. टाचणी पडते गोदावरीच्या दक्षिणेला, जुन्या नाशकाच्या बाजूला, रामकुंडापासून साधारण एक किलोमीटरवर. रामकुंड नदीच्या पंचवटीकडच्या अंगाला आहे. धार्मिक अर्थाने शहराचं हृदय ते आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण या आकड्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

भूमितीय मध्य तरी पक्का असेल, असं वाटतं. तोही सरकतो. १९८२ साली महापालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची गावं एकत्र आली. आग्नेयेला नाशिकरोड जोडलं गेल्यावर आकाराचा मध्य साहजिकच तिकडे ओढला जातो. लोक जिथल्या तिथे राहतात, बिंदू मात्र हलतो. शोधताना शहराऐवजी जिल्हा निवडला गेला तर टाचणी तीस-चाळीस किलोमीटर ईशान्येला, चांदवडच्या वाटेवर जाऊन बसते. तेही ‘नाशिक’च.

चार दशांश बघून अचूकपणाचा भास होतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून चौथा दशांश म्हणजे अकरा मीटर. रामकुंड ते नाशिकरोड स्टेशन सरळ रेषेतच आठ-नऊ किलोमीटर भरतं. अशा शहराला अकरा मीटरच्या बारकाईने एक बिंदू देणं हा दिखावा आहे, दोन दशांश पुरे. शिवाय जुन्या टोपोशीट, म्हणजे सर्व्हेचे तपशीलवार नकाशे, एव्हरेस्ट मापनावर आहेत, मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर; पृथ्वीचा आकार धरायच्या या दोन वेगळ्या पद्धती. त्या शीटवरून वाचलेले आकडे तसेच मोबाइलमध्ये टाकले, तर नाशिकच्या परिसरात जागा शंभरेक मीटर हलते.

कुंडलीच्या मुद्द्यापुरतं ज्योतिषावर विश्वास ठेवा वा न ठेवा, हिशोब खगोलाचा आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. सातपूर आणि नाशिकरोड यांच्या रेखांशात साधारण ०.१२ अंशाचा फरक, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, तेव्हा अर्ध्या मिनिटाने ते एका अंशाच्या आठव्या भागाइतकं हलेल. रास बदलायची असेल तर जन्म अगदी राशीच्या सीमेवर झालेला हवा. आणि तशा वेळी आधी बघायची ती घड्याळातली जन्मवेळ, कारण दवाखान्यात टिपलेली वेळ एक-दोन मिनिटांनी इकडेतिकडे असणं सहज शक्य आहे.

खरी चूक होते ती वेगळीच, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. जुन्या पंचांगात नाशिक १९ अंश ५९ कला, ७३ अंश ४७ कला असं सापडलं की लोक सॉफ्टवेअरमध्ये १९.५९ आणि ७३.४७ भरतात. एका अंशात कला साठ असतात, शंभर नाहीत. म्हणून ५९ कला म्हणजे ०.९८ आणि ४७ कला म्हणजे ०.७८. चुकीचे आकडे नकाशावर टाका: टाचणी नाशिकपासून पन्नासहून जास्त किलोमीटर नैर्ऋत्येला, कसारा घाट उतरून ठाणे जिल्ह्यात पडते. रेखांशातला ०.३१ अंशाचा फरक वेळेत सव्वा मिनिटाचा होतो, म्हणजे सातपूर-नाशिकरोडच्या दुपटीहून जास्त. ओळखायची खूण सोपी. सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या आधी आकडे नकाशावर टाकून टाचणी कुठे पडते ते बघा.

कुंडली करायचीच असेल तर ज्या दवाखान्यात जन्म झाला त्याचीच टाचणी घ्या, आणि आकड्यांपुढे जागेचं नाव लिहा: ‘नाशिकरोड स्टेशन’, ‘सीबीएस बसस्थानक’, ‘रामकुंड’, जे असेल ते.