मिसळीच्या कटातलं तेल मोजता येतं

“हॉटेलातल्या जेवणाची कॅलरी मोजता येत नाही, सोडून दे” हे वाक्य कोल्हापुरात रोजची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येकाला ऐकायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. मटकी, ब्रेड, भात यांचा अंदाज चुकला तरी फरक तीस-चाळीस कॅलरींचा पडतो. तेलाचं तसं नाही. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी आणि एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, म्हणजे जवळपास ४० कॅलरी. तूपही त्याच हिशेबातलं. सहा चमचे नजरेतून सुटले की अडीचशे कॅलरी गेल्या, आणि आपल्याकडच्या कटात सहा चमचे सहज असतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेरच्या जेवणात बाकी सगळं ढोबळ धरा, पण तेल वेगळं मोजा आणि वेगळ्या ओळीत लिहा.

ॲपमध्ये “मिसळ, १ प्लेट” अशी नोंद शोधली की चार-पाच आकडे येतात आणि त्यांच्यात दुप्पट-तिप्पट फरक असतो. त्यातला एकही आकडा आपल्या कटाचा नसतो. कुणी पुण्याकडची पातळ सँपल धरलेली असते, कुणी घरची. नाव एकच असलं तरी तेल वेगळं, म्हणून पदार्थाच्या नावावरून तेल कळणारच नाही. ते त्या ठिकाणच्या कटावरूनच कळतं.

आता मोजायचं कसं ते सांगतो. तुम्ही नेहमी जिथं खाता तिथनं एकदा एका प्लेटचा पूर्ण कट पार्सल आणा, दुसऱ्यांदा वाढतात तोही धरून. घरी सरळ उभ्या भिंतीचा काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. आतला व्यास ८ सेंटिमीटर असेल तर फार सोयीचं, कारण त्या डब्यात १ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे ५ मिली, म्हणजे बरोबर एक चहाचा चमचा. कट गरम करून ओता आणि वीस मिनिटं हलवू नका. तेल वर येतं. बाहेरून पट्टी लावून थर मोजा.

मी आणलेल्या एका पार्सलचा हिशेब देतो. कट साधारण ४०० मिली, तेलाचा थर ८ मिलिमीटर. म्हणजे ४० मिली. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणून हे झालं ३६ ग्रॅम आणि ३२५ कॅलरी. नुसतं वर तरंगणारं! रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून, ते तेल चमच्यानं काढून, उरलेला कट पुन्हा उकळून ठेवला तेव्हा आणखी १ मिलिमीटर निघालं. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल धरून ठेवतं, त्यामुळे पहिल्या वेळी सगळं सुटत नाही. त्याहूनही थोडं वाटणातच राहतं. म्हणून वरच्या थरात मी दीड चमचा जास्त धरतो. खोबरं-तिळाचं स्वतःचं तेल असतं ते निराळं, ते वाटणाच्या नोंदीत जातं.

पूर्ण प्लेट मग अशी मांडली: मटकी शंभर ग्रॅम शिजलेली, १२०. शेव-फरसाण ५० ग्रॅम, २७०. ब्रेडच्या तीन स्लाइस, २३०. कांदा-लिंबू आणि कटातलं वाटण मिळून ८०. आणि तेल साडेनऊ चमचे, म्हणजे सुमारे ३९०. एकूण १०९० च्या घरात. यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग फक्त कटातल्या तेलाचा आहे, आणि नेमका तोच भाग लोक लिहीत नाहीत. फरसाणात तळणीचं तेल आहेच, पण ते फरसाणाच्या २७० मध्ये येऊन गेलं. ते परत जोडायचं नाही.

प्रत्येक वेळी पार्सल आणून मोजायची गरज नाही. एकदा मोजलं की नजर तयार करता येते. घरी हॉटेलातल्यासारखीच रुंद वाटी घ्या, तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटरच्या आसपास. त्यात गरम पाणी घाला. थोड्या तेलात लाल तिखट कालवून ते चमचा चमचा सोडत जा आणि बघत राहा. या वाटीत दोन चमच्यांनी जेमतेम एक मिलिमीटरचा थर होतो. सुरुवातीला तेलाचे गोल डोळे सुटे तरंगतात. मग ते एकमेकांना चिकटतात, मग सलग तवंग होतो, आणि पुढं चमच्यानं बाजूला सारला तरी तो लगेच मिटतो. कितव्या चमच्याला काय दिसलं ते लिहून ठेवा, फोटो काढा. पुढच्या वेळी हॉटेलात वाटी समोर आली की तो फोटो आठवतो. सुटे डोळे असतील तर काळजी नाही, तवंग मिटत असेल तर चमचे मोजायला हवेत. वाटी लहान-मोठी असेल तर हिशेब बदलतो. वाटी अरुंद झाली की तेवढंच तेल जाड दिसतं. सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते.

कट वाढतात कसा, यानंही आकडा बदलतो. पळी वरच्या वर फिरवली तर निम्मी तेलाची येते, तळातून घेतली तर जवळजवळ रस्साच. “खालनं द्या” म्हटलं की कुणी वाईट मानत नाही, मी नेहमी म्हणतो. आणि ब्रेड बुडवताना तो तवंगातून खाली जातो, म्हणजे तेल आधी पितो. म्हणून वाटीत निम्मा रस्सा ठेवला तर निम्मं तेल ठेवलं असं होत नाही. उरलेल्या रस्स्यावर सलग तवंग दिसतोय का सुटे डोळे, ते बघून वजा करा.

हे सगळं तांबड्या रश्श्यालाही लागू पडतं. पांढऱ्याला नाही, आणि पांढऱ्यात लोक जास्त फसतात. त्यावर तवंग नसतो, म्हणून “सूपच आहे” म्हणत चार-चार वाट्या जातात. नारळाच्या दुधातली चरबी बारीक थेंबांत विखुरलेली असते, वर येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. पण वाटीभर पांढरा फ्रीजमध्ये ठेवून बघा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, सकाळी वर पांढरा कडक पापुद्रा येतो, मटणाची आणि तुपाची चरबीही त्यातच. तो उचलून वजन करा. पातळ पांढऱ्याला मी वाटीमागे ७ ते ८ ग्रॅम धरतो, दाटसर असेल तर दुप्पट.

कँटीनची गोष्ट वेगळी. तिथं ताटातली भाजी बघून काही कळत नाही, कारण सुक्या भाजीत तेल मुरलेलं असतं, चपातीला पुसलेलं असतं, आमटीच्या फोडणीत असतं. तिथं ताट बघायचं नाही, डबा बघायचा. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या आमच्याकडच्या आचारीमामांना मी विचारलं, “मामा, तेलाचा डबा किती दिवस जातोय?”

“तीन दिवस जातोय की. वड्याचा वार आला तर जरा लवकर.”

“आणि कढईतलं उरलेलं?”

“ते गाळून ठिवतो. दीड-दोन किलो निघतंय.”

एवढ्या दोन उत्तरांत काम झालं. डबा १५ किलोचा. जेवणारी माणसं रोज २२०, म्हणजे तीन दिवसांत ६६० ताटं. कढईतलं दोन किलो वजा केलं की १३ किलो उरतं. १३,००० भागिले ६६०, म्हणजे ताटामागे जवळपास २० ग्रॅम, १८० कॅलरी. डब्यावरचं लेबल मात्र नीट वाचा. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा एक नव्हे. लिटरच्या डब्यात तेल १३.६५ किलोच असतं.

ही सरासरी आहे. भाजी दोनदा घेतली तर पाच-सहा ग्रॅम वाढवा. पातेल्याच्या तळाची भाजी वाढली गेली तर तेल जास्त येणार, उशिरा जेवायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गाळून ठेवलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरत असतील तर मात्र ते वजा करायचं नाही, कारण ते शेवटी कुणाच्या तरी ताटात गेलंच. आणि तूप भातावर वेगळं वाढत असतील तर त्यांचा चमचा एकदा पाण्यानं भरून वजन करा. पाणी १० ग्रॅम भरलं तर पातळ तूप ९ ग्रॅमच्या आसपास.

सगळ्यात महत्त्वाची काळजी ही की तेल वेगळं लिहिलं तर बाकीच्या नोंदी बिनतेलाच्या हव्यात. चपाती “फुलका” म्हणून, भाजी “उकडलेली” म्हणून, आमटी “नुसती शिजलेली डाळ” म्हणून. नाहीतर ॲपच्या “बटाटा भाजी”त तेल आधीच आहे आणि वर आपण २० ग्रॅम घातलं, असं दोनदा मोजलं जातं. काटेकोर माणसांची नोंद फुगते ती यामुळे, आणि मग त्यांना वाटतं की पद्धतच चुकीची.

पडताळा वजनकाट्यावर घ्यायचा, पण रोजचा नाही. तांबडा-पांढरा जेवून आलं की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसतं, ते मिठानं धरलेलं पाणी असतं. आठवड्याच्या सरासरीशी सरासरी लावा, निदान चार आठवडे. समजा नोंदीप्रमाणे रोज ४०० कॅलरी कमी खाल्ल्या. २८ दिवसांत झाल्या ११,२००. किलोमागे ७,७०० या ढोबळ हिशेबानं दीड किलोच्या जवळ उतरायला हवं. उतरलं ९०० ग्रॅम, म्हणजे ६,९००. फरक ४,३००, रोजचा दीडशे. त्या महिन्यात घरचं सगळं काट्यावर मोजलेलं असेल तर हा दीडशे बाहेरच्या तेलात शोधावा. हालचालीचा अंदाज चुकलेला असू शकतो, तेही खरं, पण आधी कटाचे चमचे तपासा, कारण तिथं मोजायला काहीतरी हातात आहे.

तुमच्या भागातल्या कटाचा थर मोजलात तर खाली लिहा. सोबत डब्याचा आतला व्यास आणि कट किती मिली होता तेही लिहा, नुसते मिलिमीटर सांगून हिशेब लागत नाही. आणि कँटीनवाल्यांनी डबा किलोचा की लिटरचा, ते आधी बघा.